चार कॉलम, दहापैकी मार्क आणि पहिली आलेली डेटा एंट्री

प्रश्न: मी ७ वर्षं एका छोट्या कंपनीत बिलिंग आणि स्टॉकचं काम करते. नोकरी सोडायची नाहीये, पण ऑनलाइन एखादं स्किल विकून थोडी कमाई सुरू करायची आहे. रोज दीड तास, आठवड्यातले ६ दिवस देऊ शकते. लॅपटॉप जुना आहे, ४ जीबी रॅमचा. व्हिडिओ एडिटिंग, लोगो डिझाइन, वर्डप्रेस वेबसाइट आणि डेटा एंट्री असे चार ऑप्शन काढले, मग डिमांड, कॉम्पिटिशन, शिकायला लागणारा वेळ आणि सुरुवातीचा खर्च असे कॉलम करून प्रत्येकाला १० पैकी मार्क दिले. डेटा एंट्री ४० पैकी ३१ घेऊन पहिली आली (डिमांड १०, शिकणं १०, खर्च ९, कॉम्पिटिशन २). व्हिडिओ एडिटिंग दुसरं. पण मन काही मानत नाहीये. नवरा म्हणतो, जिथे कॉम्पिटिशनच नाही असं काहीतरी शोध. टेबलचं ऐकू, मनाचं ऐकू की त्याचं?

उत्तर: कॉलम चारही बरोबर निवडलेत, मन मानत नाहीये तेही बरोबरच आहे, घोळ बेरजेत झालाय. डेटा एंट्रीला शिकण्यात १० आणि खर्चात ९ दिलेत, आणि त्या १९ मार्कांनी कॉम्पिटिशनमधले २ झाकून टाकले. आता जरा बघा, कॉम्पिटिशनमध्ये २ का मिळाले? कारण शिकायला काही लागत नाही आणि खर्चही नाही, म्हणून जो तो तिथेच अर्ज टाकतो. म्हणजे एकाच गोष्टीचे तुम्ही दोन ठिकाणी चांगले मार्क दिलेत आणि त्याच गोष्टीचा जो तोटा होतो त्याचे फक्त एकदा कापलेत, मग तो ऑप्शन पहिला येणारच. हे जवळपास प्रत्येक वेळी होतं, अशा टेबलमध्ये सगळ्यात सोपं काम वर येतं, आणि सोपं काम मिळवणं सगळ्यात अवघड असतं.

शिवाय हे चार कॉलम एका जातीचे नाहीतच. शिकणं आणि खर्च एकदाच करायचे असतात. डिमांड आणि कॉम्पिटिशन मात्र दर महिन्याला, प्रत्येक ऑर्डरला तुमच्यासमोर उभे राहतात. त्यांना सारखं वजन कसं देणार?

म्हणून मार्क खोडून टाका आणि हिशोब तासांत करा. तुमच्याकडे आठवड्याला ९ तास आहेत, तेच तुमचं खरं भांडवल. प्रश्न एवढाच ठेवा की पहिला पैसा हातात येईपर्यंत यातले किती तास जातील, आणि त्यानंतर प्रत्येक तासाला काय मिळेल. कसं करायचं ते सांगते, डिमांडपासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

डेटा एंट्रीला डिमांडमध्ये १० कशावरून दिलेत हे लिहिलं नाहीये, पण बहुतेक जण दोन गोष्टी बघतात, गूगलवर किती सर्च होतंय आणि फायव्हरसारख्या साइटवर किती रिझल्ट येतात. दोन्हीत गडबड आहे. "डेटा एंट्री वर्क फ्रॉम होम" असं सर्च करणारा माणूस काम देणारा नसतो हो, तो तुमच्यासारखाच काम शोधणारा असतो. व्हिडिओ एडिटिंगचंही तसंच, सर्च करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना फुकटचं सॉफ्टवेअर हवं असतं नाहीतर स्वतः शिकायचं असतं. गूगल ट्रेंड्सवर दिसणारा ० ते १०० चा आकडा तर सर्चची संख्यासुद्धा नसतो, निवडलेल्या काळात ज्या वेळी सर्च सगळ्यात वर होतं तो क्षण १०० धरतात आणि बाकीचं त्याच्या प्रमाणात दाखवतात. आणि फायव्हरवर एखादा शब्द टाकल्यावर जे हजारो रिझल्ट दिसतात ते विकणारे असतात, म्हणजे तो आकडा कॉम्पिटिशनच्या कॉलममध्ये जायला हवा आणि लोक तो डिमांडमध्ये लिहून खूश होतात.

खरी डिमांड मोजायची तर पैसे देणारा कुठे दिसतो तिथे जायचं. अपवर्क ही साइट त्यासाठी बरी, तिथे क्लायंट स्वतः कामाची पोस्ट टाकतात आणि काम करणारे अर्ज करतात, अकाउंट उघडायला पैसे लागत नाहीत. तिथे एकेक ऑप्शन सर्च करा, सगळ्यात नवीन पोस्ट वर येतील असं लावा आणि वरच्या ३० पोस्ट एकेक करून खरंच उघडून वाचा. प्रत्येकीत तीन गोष्टी बघायच्या. क्लायंटच्या नावाखाली `Payment method verified` आहे का, `Proposals` समोर काय लिहिलंय, आणि `Last viewed by client` किती वेळापूर्वीचं आहे. ज्या क्लायंटचं पेमेंट व्हेरिफाय नाही त्याची पोस्ट मोजायची नाही. आधी रजिस्ट्रेशनचे किंवा ट्रेनिंगचे पैसे भरा म्हणणारी, किंवा बोलणं लगेच टेलिग्रामवर न्यायला बघणारी पोस्टही मोजायची नाही, ती नुसती वगळायची नाही तर पळायचं तिथून, डेटा एंट्रीच्या नावाखाली असले प्रकार फार चालतात. ज्या पोस्ट उरतील त्या सेव्ह करा आणि ७-८ दिवसांनी पुन्हा उघडा. किती जणांनी कुणाला तरी कामावर घेतलं? तेवढीच डिमांड. बाकीच्यांनी पोस्ट टाकली आणि विसरले.

अजून एक बघायचं, या ३० पोस्ट किती दिवसांतल्या आहेत. एका ऑप्शनच्या ३० पोस्ट एका दिवसात भरतील, दुसऱ्याच्या भरायला दोन आठवडे लागतील. दोन आठवड्यांवाला ऑप्शन बघून नाक मुरडू नका, तुम्हाला आठवड्याला ९ तासच काम करायचंय, महिन्याला दोन-चार ऑर्डर मिळाल्या तरी तुमचे तास भरतात. हजारो पोस्ट असल्या काय नि पन्नास असल्या काय, तुम्हाला फरक पडत नाही. एवढी मोठी डिमांड एजन्सीवाल्याला लागते, ज्याला १० माणसं पोसायची आहेत.

आता कॉम्पिटिशन. अपवर्कवर `Proposals` समोर `Less than 5`, `5 to 10` पासून `20 to 50` आणि `50+` पर्यंत काहीतरी लिहिलेलं असतं. हे सरळ तासांत बदलता येतं. समजा एका कामाला ६० जण अर्ज करतात आणि तुम्ही सगळ्यांसारख्याच आहात असं धरलं, तर ढोबळमानाने ६० अर्जांत एक काम. नीट लिहिलेल्या अर्जाला, म्हणजे पोस्ट वाचून, त्यांच्या कामाबद्दल दोन वाक्यं खरी लिहून, साजेसं सॅम्पल जोडून, अर्धा तास जातोच. झाले ३० तास. आणि जिथे १२ जण अर्ज करतात तिथे ६ तास. हा हिशोब कच्चा आहे हे मलाही माहितीये, बरेच अर्ज कॉपी-पेस्ट असतात त्यामुळे नीट लिहिणाऱ्याचा चान्स जास्त असतो, आणि नवीन प्रोफाइलवर एकही रिव्ह्यू नसतो त्यामुळे कमीही होतो. पण दोन ऑप्शन एकमेकांशेजारी ठेवून बघायला पुरतो. अर्ज करायला तिथे कनेक्ट्स नावाची टोकन लागतात आणि ती संपली की विकत घ्यावी लागतात, म्हणजे गर्दीच्या कामात तासांबरोबर पैसेही जातात. तुमच्या खर्चाच्या कॉलममध्ये हे धरलं नसणार, बहुतेक कुणीच धरत नाही.

नुसती गर्दी मोजूनही भागत नाही. फायव्हरवर जा, तुमच्या ऑप्शनमधले असे विकणारे शोधा ज्यांना १० पेक्षा कमी रिव्ह्यू आहेत, आणि त्यांचा शेवटचा रिव्ह्यू कधीचा ते बघा. नवख्या लोकांना मागच्या दोन-तीन आठवड्यांत रिव्ह्यू मिळालेत म्हणजे नवीन माणसाला तिथे अजून काम मिळतंय. सगळे ताजे रिव्ह्यू हजार रिव्ह्यूवाल्यांकडेच चाललेत, नवख्यांचे शेवटचे रिव्ह्यू वर्षभरापूर्वीचे आहेत, तर तिथे शिरायला फार वेळ लागणार. लोगो डिझाइनमध्ये हे करून बघा, बोलकं चित्र दिसेल.

नवऱ्याच्या म्हणण्याबद्दल इथेच बोलून घेते. जिथे विकणारा कुणी नाही तिथे बहुतेक वेळा घेणाराही कुणी नसतो. असला तरी त्याला आपल्याला नेमकं काय हवंय हे माहीत नसतं, मग तो सर्च तरी काय करणार? ती समजूत घालत बसणं हे वेगळंच काम आहे, आठवड्याला ९ तासांत होणारं नाही. तुम्हाला कॉम्पिटिशन हवीच आहे, फक्त ती `5 to 10` किंवा `10 to 15` वाली हवी, आणि पोस्ट नीट वाचून अर्ज करणारे त्यात कमी हवेत. पण त्यांच्या बोलण्यात एक धागा बरोबर आहे, तो असा की "व्हिडिओ एडिटिंग", "डेटा एंट्री" ही नावं फार मोठी आहेत. कुणी "व्हिडिओ एडिटिंग" विकत घेत नाही, लोक "माझ्या तासाभराच्या मुलाखतीतून एकेक मिनिटाचे ५ उभे व्हिडिओ काढून द्या" हे विकत घेतात. तुलना अशा एकेका कामाची करायची, मग आकडे एकदम वेगळे येतात.

आता शिकण्याचा वेळ. तुम्ही बहुधा कोर्स किती तासांचा आहे ते बघितलंत. तो आकडा इथे कामाचा नाही. या सेव्ह केलेल्या पोस्टपैकी तीन घ्या आणि त्यात जे मागितलंय तेच, तसंच, त्यांनी अर्ज मंजूर केला असता तर दिलं असतं तसं करून बघा. जिथे अडाल तिथेच शिका. तिसरं सॅम्पल लाज न वाटता दाखवता येईल इथपर्यंत किती तास गेले, तो शिकण्याचा वेळ. हे चारही ऑप्शनचं करायची गरज नाही, जे दोन उरतील त्यांचंच करा.

आणि ते दोन उरवायचे कसे? खर्चाने. खर्चाला मार्क द्यायचे नसतात, त्याला फक्त हो किंवा नाही विचारायचं. व्हिडिओ एडिटिंगला तुम्ही खर्चात चांगले मार्क दिले असणार, कारण दा विंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं. पण ते चालवायला १६ जीबी रॅम असावी असं ते बनवणारेच सांगतात. तुमच्याकडे ४ आहे. हलकं सॉफ्टवेअर घेऊन छोटे व्हिडिओ जमतीलही, पण एक्सपोर्टला लावून लॅपटॉप गरम होत बसेल, क्लायंट "शेवटचे तीन सेकंद कापा" म्हणेल आणि पुन्हा एक्सपोर्ट, रोजच्या दीड तासातला बराचसा त्यातच जाणार. मोठ्या फाइल चढवा-उतरवायला नेटही दणकट लागतं. म्हणजे सॉफ्टवेअर फुकट पण मशीन नवं, आणि ते नवं मशीन किती ऑर्डरींनी फिटेल हे तुम्हीच काढा. सध्या नाही.

लोगोचं थोडक्यात. इंकस्केप फुकट आहे आणि जुन्या लॅपटॉपवरही बऱ्यापैकी चालतं, तो प्रश्न नाही. प्रश्न असा की नवीन लोक कॅनव्हाच्या टेम्प्लेटवरून लोगो करून देतात, आणि टेम्प्लेट तर हजारो जण वापरतात, त्यामुळे तसा लोगो क्लायंटला ट्रेडमार्क म्हणून नोंदवायला गेला की अडचण येते. अक्षरं आणि आकार स्वतः जुळवून काढायचे तर त्याला डोळा लागतो, तो काही महिन्यांनी येतो. ज्यांनी आधीच चित्रकलेचं किंवा डिझाइनचं शिक्षण घेतलंय त्यांनी याचा वेगळा विचार करावा, तुमच्यासाठी नाही.

वर्डप्रेस मला चारातला सगळ्यात कमी वाईट वाटतो, सॉफ्टवेअर फुकट, कॉम्प्युटरवरच साइट उभी करून शिकता येतं, होस्टिंग आणि डोमेन क्लायंटचं. पण यात एक मागे लागणारा प्रकार आहे. साइट देऊन झाली, पैसे मिळाले, तीन महिन्यांनी एखादं प्लगिन अपडेट झालं आणि कॉन्टॅक्ट फॉर्म बंद पडला की फोन तुम्हालाच येणार, तोही तुम्ही ऑफिसात स्टॉक मोजत असताना. दिवसाला दीड तास असलेल्या माणसाने पहिलं स्किल असं घ्यावं जे दिलं की संपलं. वर्डप्रेस दुसरं म्हणून ठेवा.

मग उरली डेटा एंट्री. आणि इथे मला तुमच्या पत्रातलं एक वाक्य खटकलं, खरं तर ते तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. ७ वर्षं बिलिंग आणि स्टॉक. याचा अर्थ रोज घाण झालेल्या शीट तुमच्या हाताखालून जातात. एकच ग्राहक तीन स्पेलिंगने, स्टॉक सिस्टीममध्ये एक आणि शीटमध्ये दुसरा, महिन्याचा टोटल कुठेतरी थोड्या फरकाने चुकतोय आणि कुठे ते सापडत नाही. हे निस्तरणं तुम्ही करताच की, फक्त त्याला स्किल म्हणत नाही, कारण ते ऑफिसात शिकलात, कोर्स करून नाही. ऑनलाइन विकायचं म्हणजे काहीतरी नवीनच शिकायला हवं हे गृहीत कुठून आलं? चारही ऑप्शन तुम्ही बाहेरून आणलेत, आणि हातात होतं ते टेबलमध्ये घेतलंच नाहीत.

म्हणून पाचवी ओळ जोडा, छोट्या ऑनलाइन विक्रेत्यांच्या बिलिंग आणि स्टॉकच्या शीट साफ करून, जुळवून देणं. सर्चमध्ये हे `data cleaning`, `Excel cleanup`, `inventory spreadsheet`, `reconciliation` अशा शब्दांनी सापडतं. डेटा एंट्री म्हणजे कागदावरचं शीटमध्ये टाकणं, ते कुणालाही येतं. हे वेगळं आहे, इथे क्लायंटला माहीतच नसतं की त्याची शीट कुठे बिघडली आहे.

एक उदाहरण जवळून बघा. शीटमध्ये दोन ओळींत एकच प्रॉडक्ट कोड आहे, डोळ्यांना अगदी सारखा, पण `VLOOKUP` एका ओळीला उत्तर देतो आणि दुसरीला `#N/A`. नवखा माणूस `TRIM` लावतो, तरी तेच. कारण तो कोड कुठल्यातरी वेबपेजवरून कॉपी केलाय आणि त्याच्या मागे साधी स्पेस नाही, न तुटणारी स्पेस चिकटली आहे, ती `TRIM` ला दिसत नाही. ती अशी काढतात:

```
=TRIM(SUBSTITUTE(A2,CHAR(160)," "))
```

तारखांचं तर विचारूच नका. क्लायंटच्या फाइलमध्ये दिवस आधी आहे, तुमचा एक्सेल महिना आधी धरतो, तर 03/04 ही ३ एप्रिल होती ती गुपचूप ४ मार्च होऊन बसते आणि 25/04 मात्र तारीख न होता टेक्स्टच राहते, कारण पंचविसावा महिना नसतो. ओळखायची खूण अशी की कॉलममधल्या काही तारखा सेलच्या उजवीकडे आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात. हे दिसलं की फक्त डावीकडच्या दुरुस्त करून थांबायचं नाही, उजवीकडच्याही संशयित धरायच्या, महिना-दिवस उलटलेल्या त्याच असतात, आणि मूळ फाइल मागून पुन्हा इम्पोर्ट करायची. तसंच लांब बारकोड किंवा ऑर्डर नंबर, एक्सेल आकड्यातले पहिले १५ अंक ठेवतो आणि पुढचे शून्य करून टाकतो, एकदा फाइल तशी सेव्ह झाली की ते अंक परत येत नाहीत, म्हणून असा कॉलम उघडतानाच टेक्स्ट म्हणून उघडायचा. हे वाचताना तुम्ही मान डोलावली असेल तर अर्धं शिकून झालंय.

उरलेलं अर्धं म्हणजे मुख्यतः पॉवर क्वेरी, एक्सेल २०१६ पासून ते आतच असतं, `Data` टॅबमध्ये `Get & Transform` नावाने, वेगळं विकत घ्यायचं नाही. साफ करण्याच्या स्टेप्स एकदा करून ठेवल्या की पुढच्या महिन्याच्या फाइलला नुसतं रिफ्रेश दाबायचं. गूगल शीट्सही नीट यायला हवं कारण बरेच क्लायंट त्यातच काम करतात. आणि क्लायंटकडे कुठलं एक्सेल आहे हे आधी विचारायची सवय लावा, तुम्ही हौसेने `XLOOKUP` वापरलात आणि त्यांच्याकडे २०१६ असेल तर तिथे तो फॉर्म्युला चालत नाही, `#NAME?` येतं, आणि त्यांना वाटतं तुम्हीच चुकलात. `INDEX` आणि `MATCH` ची जोडी सगळीकडे चालते. ४ जीबी रॅमवर हे सगळं होतं, फक्त लाखभर ओळींची फाइल घेऊ नका.

आता तासांचं टेबल मांडू. हे माझे अंदाज आहेत, तुमचे ३० पोस्टचे आकडे आले की ते घाला. डेटा एंट्री: शिकणं ३ तास, सॅम्पल २, अर्ज ६० धरून ३०, पहिलं काम १० तासांचं, एकूण ४५. शीट साफ करणं: शिकणं २५, सॅम्पल ८, अर्ज १२ धरून ६, पहिलं काम ५ तासांचं, एकूण ४४. व्हिडिओ एडिटिंग: शिकणं ८०, सॅम्पल २०, अर्ज ४० धरून २०, पहिलं काम ८, एकूण १२८, वर मशीन. आठवड्याला ९ तास म्हणजे पहिल्या दोन्हींना ५ आठवडे आणि व्हिडिओला १४.

बघितलंत, डेटा एंट्रीला शिकण्यात वाचलेला वेळ अर्ज करण्यात गेला आणि पहिला पैसा दोन्हीकडे जवळपास एकाच आठवड्यात आला. पण त्यानंतर काय होतं बघा. डेटा एंट्रीच्या दुसऱ्या कामाला पुन्हा तीच गर्दी आणि पुन्हा तोच भाव, कारण तुमच्या जागी कुणीही चालतो. शीटवाल्या क्लायंटकडे पुढच्या महिन्यात पुन्हा घाण झालेली फाइल असतेच, त्याचे घोळ तुम्हाला माहीत झालेले असतात, तो नवीन माणसाला पहिल्यापासून समजावत बसत नाही. तेव्हा अर्जाचे तास शून्य. ४४ आणि ४५ हे आकडे सारखे दिसले तरी खरा फरक इथे आहे, आणि ४० पैकी मार्कांच्या टेबलमध्ये तो कुठेच दिसत नाही.

यातली कमजोर बाजूही सांगते. या कामाच्या पोस्ट कमी असतात, त्यामुळे आठवडा आठवडा काहीच साजेसं दिसत नाही असं होईल. आणि सॅम्पल दाखवणं अवघड, कारण खरी शीट कुणाची तरी खाजगी असते. ऑफिसची फाइल नावं बदलूनही सॅम्पल म्हणून लावायची नाही, अजिबात नाही, त्याने नोकरी जाऊ शकते आणि ज्याला ते कळेल तो क्लायंट स्वतःची फाइल तुम्हाला देणार नाही. त्यापेक्षा स्वतः २०० ओळींची खोटी शीट बनवा, त्यात वर सांगितलेले सगळे घोळ मुद्दाम घाला, आणि आधी-नंतरचे दोन स्क्रीनशॉट आणि खाली "३१ डुप्लिकेट सापडले, १८ तारखा उलट्या होत्या, २ बारकोड परत मिळू शकले नाहीत" असं लिहा, म्हणजे जे तुमच्या शीटमध्ये खरंच निघेल ते. काय दुरुस्त झालं नाही हे लिहिणारे फार कमी असतात. आणि हो, नोकरीच्या करारात बाहेरचं काम करायला मनाई आहे का ते आधी वाचून घ्या.

कधी समजायचं की माझा अंदाज चुकला? १५ नीट अर्ज टाका. उत्तरं येत नसतील तर आधी त्या पोस्टवरचं `Last viewed by client` बघा, क्लायंट पोस्ट टाकल्यानंतर परत आलाच नसेल तर तो अर्ज मोजू नका. तो येऊन गेला, बाकीच्यांशी बोलला (`Interviewing` समोर आकडा दिसतो) आणि तुम्हाला विचारलं नाही, असं पुन्हा पुन्हा होत असेल तर अर्जाच्या पहिल्या दोन ओळी बदला, क्लायंटला यादीत सुरुवातीला तेवढंच दिसतं, आणि तिथे "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे" लिहिलं असेल तर ते काढून त्यांच्या शीटबद्दल एक प्रश्न टाका. उत्तरं येतात, फाइल पाठवतात, पण काम दुसऱ्याला जातं, तर सॅम्पल किंवा किंमत. आणि ३० पोस्टच्या मोजणीतच जर खऱ्या, पैसे देणाऱ्या ५-६ पण निघाल्या नाहीत, तर अर्ज टाकायच्या आधीच पाचवी ओळ खोडा आणि वर्डप्रेसकडे वळा, माझ्या भरवशावर थांबू नका.

तुमच्यासारखंच टेबल करून बसलेले बरेच असतील, त्यांच्यासाठी एवढंच, प्रत्येकाचं उत्तर शीट साफ करणं नाहीये. ज्याच्याकडे १६ जीबीचं मशीन आहे आणि दिवसाला ५ तास आहेत त्याच्या टेबलमध्ये व्हिडिओचे १२८ तास पाच आठवड्यांच्या आत संपतात, त्याने तेच करावं. ज्याने शाळेत शिकवलंय, दवाखान्यात रिसेप्शन सांभाळलंय, कपडे विकलेत, त्याने आधी ते काम टेबलमध्ये घालावं आणि त्यातलं कॉम्प्युटरवर होणारं तुकड्याएवढं काम शोधावं. आणि ज्याच्याकडे खरंच काहीच नाही त्याने ३० तासांत तीन सॅम्पल होतील असंच काहीतरी निवडावं, कारण नऊ महिने शिकत राहून एकही अर्ज न टाकलेले लोक मला दर आठवड्याला पत्रं पाठवतात.

किंमतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण पहिली ऑर्डर येईल तेव्हा इथेच घोडं अडेल म्हणून सांगून ठेवते. फाइल बघितल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. "५०० ओळींची शीट आहे, छोटंसं काम आहे" असं सगळेच म्हणतात. ५० ओळी मागून घ्या, क्लायंटला त्यातली नावं-नंबर झाकायला सांगा, त्या साफ करायला किती मिनिटं लागली ते घड्याळ लावून बघा, त्यावरून पूर्ण फाइलचे तास काढा, आणि चेकिंगसाठी अजून निम्मे धरा. मग साइटचं कमिशन. फायव्हर २० टक्के कापतं, म्हणजे १०० च्या ऑर्डरमध्ये तुमच्याकडे ८० येतात, आणि २ तासांचं वाटलेलं काम ५ तासांचं निघालं तर तासाला ४० च्या जागी १६. पहिल्या एक-दोन ऑर्डरला रिव्ह्यूसाठी कमी घ्या, हरकत नाही, पण तेव्हाही कामाची हद्द मेसेजमध्ये लिहून घ्या: किती ओळी, कुठले कॉलम, किती वेळा बदल करून देणार, आणि मूळ फाइलची कॉपी त्यांनी स्वतःकडे ठेवायची.